‘मीपण’, ‘मलापण’ आणि ‘सो डू आय’: इंग्रजी प्रतिसादात साहाय्यक क्रियापद कसे निवडावे

मुंबईच्या लोकलमध्ये शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणींचे बोलणे कानावर पडले, तर त्यात काही छोटे प्रतिसाद हमखास ऐकू येतात. ‘मला पाऊस आवडतो’ असे एकीने म्हटले की दुसरी ‘मलापण’ म्हणते; ‘मी अजून जेवले नाही’ यावर ‘मीपण नाही’ असे उत्तर येते आणि ‘माझ्याकडे छत्री नाही’ यावर ‘माझ्याकडेपण नाही’ असे. आवडणे, जेवणे हे शब्द उत्तरात कुणीच उच्चारत नाही, तरी काहीही अडत नाही. पहिल्या वाक्याचा धागा येथे सर्वनामाचे रूप धरून ठेवते. पहिल्या वाक्यात ‘मला’ असेल तर उत्तरात ‘मला’, ‘मी’ असेल तर ‘मी’, ‘माझ्याकडे’ असेल तर ‘माझ्याकडे’ हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

हीच तीन वाक्ये इंग्रजीत बोलली गेली तर काय होते ते पाहा. ‘आय लाइक द रेन’ यावर उत्तर ‘सो डू आय’. ‘आय हॅवन्ट ईटन येट’ यावर ‘नायदर हॅव आय’. ‘आय डोन्ट हॅव ॲन अम्ब्रेला’ यावर ‘नायदर डू आय’. तिन्ही उत्तरांत ‘आय’ जसाच्या तसा राहिला आहे आणि बदलले आहे ते मधले क्रियापद. मराठी जो धागा विभक्तीत धरून ठेवते, तो इंग्रजी साहाय्यक क्रियापदात धरून ठेवते. दादरला संध्याकाळी नोकरदारांना बोलण्याचे इंग्रजी शिकवताना मी जे ‘सो डू मी’ आणि ‘मी ऑल्सो’ वारंवार ऐकते, त्यांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे: बोलणाऱ्याचे लक्ष सवयीने सर्वनामाकडे जाते, आणि इंग्रजीत ते एक घर अलीकडे, म्हणजे क्रियापदाकडे असायला हवे. म्हणून या लेखात ‘सो’ आणि ‘नायदर’ यांच्यापेक्षा त्यांच्यानंतर येणाऱ्या त्या मधल्या शब्दावरच मी अधिक वेळ घालवणार आहे.

पहिली पायरी: ऐकलेल्या वाक्याचा प्रश्न करून पाहणे

समोरच्या व्यक्तीने जे वाक्य म्हटले, त्याचा मनातल्या मनात ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असा प्रश्न करावा. त्या प्रश्नाच्या आरंभी जो शब्द येतो, तोच शब्द प्रतिसादात लागतो. ‘आय कॅन स्विम’ या वाक्याचा प्रश्न ‘कॅन यू स्विम?’ असा होतो, म्हणून उत्तर ‘सो कॅन आय’. ‘आय वर्क इन परळ’ याचा प्रश्न ‘डू यू वर्क इन परळ?’ असा होतो, म्हणून ‘सो डू आय’. ‘आय वर्क्ड इन परळ’ असे असेल तर प्रश्नाच्या आरंभी ‘डिड’ येतो आणि उत्तर ‘सो डिड आय’ होते.

एकापेक्षा अधिक साहाय्यक क्रियापदे असलेल्या लांब वाक्यांत या चाचणीचा खरा उपयोग होतो. ‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स नाइन’ या वाक्यात ‘हॅव’ही आहे आणि ‘बीन’ही आहे, पण प्रश्न करताना ‘हॅव यू बीन वेटिंग’ असेच म्हणावे लागते, म्हणजे उडी मारून पुढे येतो तो पहिला शब्द, आणि उत्तर ‘सो हॅव आय’. ‘आय विल हॅव फिनिश्ड बाय सिक्स’ यात ‘विल’ पहिला आहे, म्हणून ‘सो विल आय’. उरलेले शब्द उत्तरात आणण्याची गरज नाही.

ही चाचणी योगायोगाने बरोबर येते असे नाही. इंग्रजीत थोड्याच क्रियापदांना काही खास हक्क आहेत. ती प्रश्नात कर्त्याच्या पुढे जाऊ शकतात, त्यांना ‘नॉट’ थेट जोडता येतो आणि गाळलेल्या क्रियापदाच्या जागी ती एकटी उभी राहू शकतात. हे तिन्ही हक्क त्याच एका गटाकडे असल्यामुळे पहिल्या हक्कावरून तिसरा ओळखता येतो. या तिसऱ्या हक्काला ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी ‘कोड’ असे नाव दिले होते. हे फर्थ 1919 ते 1928 या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण ‘सो डिड आय’ एवढेच कानावर पडले तर बोलणाऱ्याने काय केले हे कळण्याचा काहीच मार्ग नसतो. त्या सांकेतिक शब्दाची किल्ली आधीच्या वाक्यातच असते.

चाचणी चुकते ती बहुधा प्रश्नच चुकल्यामुळे. मराठीत आपण ‘मी सहमत आहे’ असे म्हणतो आणि त्यातील ‘आहे’ इंग्रजीत ‘ॲम’ होऊन ‘आय ॲम अग्री’ असे चुकीचे वाक्य तयार होते. ज्याच्या मनात हे वाक्य घट्ट बसले आहे, तो दुसऱ्याचे शुद्ध ‘आय अग्री’ ऐकूनही ‘सो ॲम आय’ असे उत्तर देतो. ‘अग्री’ हे स्वतःच क्रियापद आहे, त्याचा प्रश्न ‘डू यू अग्री?’ असा होतो आणि उत्तर ‘सो डू आय’ असेच येते. तेव्हा प्रतिसादात वारंवार ‘ॲम’ येत असेल, तर चूक प्रतिसादात शोधू नये. मूळ विधाने आपण कशी रचतो ते तपासावे.

येथे एक उलटी गोष्टही सांगायला हवी. आपल्याकडे ‘मी ठाण्याला राहते’ या अर्थी पुष्कळ जण ‘आय ॲम स्टेइंग इन ठाणे’ असे म्हणतात. कायमच्या घराविषयी बोलताना ‘आय लिव्ह इन ठाणे’ हे वाक्य अधिक योग्य ठरते, हे खरे. पण समोरच्याने ‘आय ॲम स्टेइंग’ म्हटले असेल, तर प्रतिसाद ‘सो ॲम आय’ असाच द्यावा लागतो. प्रतिसाद बोलल्या गेलेल्या वाक्याला दिला जातो, बोलायला हव्या होत्या त्या वाक्याला नव्हे.

‘डू’ केव्हा येतो आणि त्याचा काळ कसा ठरतो

वाक्यात ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ यांपैकी काही असेल, किंवा ‘कॅन, विल, शुड, मस्ट’ यांसारखा शब्द असेल, तर तोच उचलायचा असतो. यांपैकी काहीच नसेल आणि केवळ एक साधे क्रियापद असेल, तर ‘डू’ बदली म्हणून उभा राहतो. या ‘डू’ला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो केवळ काळ आणि वचन वाहून नेतो. म्हणून ‘आय नो हिम’ यावरही ‘सो डू आय’ आणि ‘आय मिस माय मदर’ यावरही ‘सो डू आय’, जरी ओळखणे आणि आठवण येणे यांत ‘करण्यासारखे’ काही नसले तरी.

काळ मात्र नीट ऐकावा लागतो. बहुतेक क्रियापदांचे दुसरे रूप वेगळे असल्याने अडचण येत नाही, पण ‘पुट’, ‘कट’, ‘शट’ अशा काही शब्दांचे रूप भूतकाळातही तसेच राहते. ‘आय पुट माय बॅग ऑन द रॅक’ हे लोकलमधले वाक्य रोजच्या सवयीविषयी असेल तर उत्तर ‘सो डू आय’, आणि आज सकाळच्या एका प्रसंगाविषयी असेल तर ‘सो डिड आय’. शब्दांवरून हे कळत नाही. वाक्यात ‘एव्हरी डे’ आहे की ‘धिस मॉर्निंग’ आहे, किंवा बोलणे कशाविषयी चालले आहे, यावरूनच ते ठरवावे लागते. वाक्याचा कर्ता तिसरीच कुणी व्यक्ती असेल तर मदत होते, कारण वर्तमानकाळात ‘शी पुट्स’ असा ‘स’ ऐकू येतो आणि भूतकाळात तो नसतो.

‘आय यूज्ड टू लिव्ह इन गिरगाव’ म्हणजे पूर्वी मी गिरगावात राहत असे, यावर ‘सो यूज्ड आय’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. त्याचा प्रश्न आज ‘डिड यू यूज टू लिव्ह’ असा होतो, म्हणून उत्तर ‘सो डिड आय’.

दोन वाक्ये जोडून आली असतील तर कोणत्या वाक्याचा प्रश्न करायचा, ही शंका रास्त आहे. ‘आय थिंक द ट्रेन हॅज लेफ्ट’ यात ‘हॅज’ ऐकू येतो आणि विद्यार्थी तोच पकडतात. पण बोलणाऱ्याने विधान केले आहे ते स्वतःच्या मताविषयी. गाडी हा त्या मताचा विषय आहे. ‘मला वाटते, गाडी गेली’ यावर मराठीतही आपण ‘मलापण वाटते’ असेच म्हणतो. म्हणून मुख्य वाक्यातील ‘थिंक’चा प्रश्न करावा आणि ‘सो डू आय’ म्हणावे. त्याचप्रमाणे ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन’ यावर उत्तर ‘नायदर डू आय’ असे येते, ‘विल’ला तेथे काही काम नाही.

‘हॅव’: एकच शब्द, दोन कामे

सर्वांत अधिक गोंधळ या शब्दाभोवती होतो आणि तो विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणामुळे होत नाही, असे मला मनापासून वाटते. ‘हॅव’ कधी साहाय्यक असतो आणि कधी मुख्य क्रियापद असतो, पण दोन्ही वेळा तो दिसतो अगदी सारखा.

ओळखण्याची खूण त्याच्यामागून येणाऱ्या शब्दात असते. ‘हॅव’नंतर क्रियापदाचे तिसरे रूप आले तर तो साहाय्यक आहे: ‘आय हॅव सीन द रिपोर्ट’, उत्तर ‘सो हॅव आय’. त्याच्यानंतर एखादी वस्तू, काम किंवा आजार आला तर तो मुख्य क्रियापद आहे आणि त्याला ‘डू’ची मदत लागते: ‘आय हॅव अ मीटिंग ॲट फाइव्ह’, उत्तर ‘सो डू आय’. ‘हॅव’नंतर ‘टू’ येऊन ‘करावे लागणे’ असा अर्थ झाला असेल, तरीही तो मुख्य क्रियापदासारखाच वागतो: ‘आय हॅव टू लीव्ह अर्ली’ यावर ‘सो डू आय’, आणि ‘आय हॅड टू वॉक’ यावर ‘सो डिड आय’.

मालकीच्या अर्थी ‘आय हॅव अ कार’ यावर ‘सो हॅव आय’ असे उत्तर जुन्या ब्रिटिश वळणात आढळते. आपल्याकडे ज्यांनी जुनी व्याकरणाची पुस्तके वाचली आहेत, त्यांच्या तोंडी ते अजूनही येते. ते चूक नाही. पण आजच्या बोलण्यात ‘सो डू आय’ अधिक चालते आणि मी तेच शिकवते. मात्र ‘हॅव’चा अर्थ खाणे, पिणे किंवा घेणे असा असेल, तर हा पर्याय उरतच नाही. ‘आय हॅव टी विदाउट शुगर’ यावर ‘सो डू आय’ आणि ‘आय हॅड लंच ॲट वन’ यावर ‘सो डिड आय’ हीच उत्तरे बरोबर आहेत.

‘हॅव गॉट’ मात्र वेगळे आहे. ‘आय हॅव गॉट अ कोल्ड’ याचा प्रश्न ‘हॅव यू गॉट’ असा होतो, म्हणून ‘सो हॅव आय’. ‘आय हॅव अ कोल्ड’ असे असते, तर उत्तर ‘सो डू आय’. सर्दी तीच, अर्थही तोच, पण एका ‘गॉट’ने उत्तर बदलते.

‘सो’ की ‘नायदर’

साहाय्यक क्रियापद हाती आल्यावर वाक्य होकारार्थी आहे की नकारार्थी, हे पाहावे. ‘नॉट’ किंवा त्याचे लघुरूप ऐकू आले तर ‘नायदर’ हे उघड आहे. ‘नीदर’ असा उच्चार केला किंवा त्याऐवजी ‘नॉर’ म्हटले, तरी चालते. लक्षात ठेवायचे ते हे, की नकार ‘नायदर’मध्ये आधीच सामावलेला आहे. मराठीत ‘मीपण नाही’ म्हणताना आपण ‘नाही’ पुन्हा उच्चारतो, आणि त्या सवयीने ‘नायदर हॅवन्ट आय’ असे दोनदा नकार असलेले उत्तर तयार होते. ‘नायदर’नंतर क्रियापद नेहमी होकारार्थीच राहते.

नकार लपलेला असतो तेव्हा अधिक जपावे लागते. ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘रेअरली’, ‘सेल्डम’ या शब्दांत ‘नॉट’ दिसत नाही, पण इंग्रजी त्यांना नकारार्थीच मानते. ‘आय हार्डली गेट अ सीट’ यावर उत्तर ‘नायदर डू आय’ असे असते. याउलट काही वाक्ये अर्थाने नकारार्थी वाटतात, पण रचनेने होकारार्थी असतात. ‘आय डिसलाइक क्राउड्स’ याचा मराठी अर्थ ‘मला गर्दी आवडत नाही’ असा आपण मनात करतो आणि ‘मलापण नाही’ म्हणून ‘नायदर’कडे वळतो. पण त्या इंग्रजी वाक्यात नकाराचा शब्दच नाही. उत्तर ‘सो डू आय’. ‘आय फरगॉट’, ‘आय डाउट इट’, ‘आय ॲम अनहॅपी’ ही त्याच जातीची वाक्ये आहेत. म्हणून येथे अर्थाचे मराठी करू नये. वाक्यात नकाराचा शब्द उभा आहे का, एवढेच पाहावे.

ज्यांना हा उलटा क्रम जड जातो, त्यांनी ‘आय डू टू’ आणि ‘आय हॅवन्ट आयदर’ असे सरळ क्रमाने म्हटले तरी ते पूर्ण शुद्ध आहे. साहाय्यक निवडण्याची रीत तीच राहते. फरक इतकाच, की ‘आयदर’मध्ये नकार नसल्याने क्रियापदाला ‘नॉट’ जोडावा लागतो. नकारार्थी वाक्यावर ‘मी टू’ मात्र म्हणू नये, तेथे ‘मी नायदर’ लागते.

आपल्या कर्त्याशी जुळवणे आणि क्रम

उचललेले क्रियापद आपल्या कर्त्याप्रमाणे बदलावे लागते. काळ मात्र समोरच्या वाक्याचाच राहतो. ‘वुई वेअर लेट’ यावर एकटी व्यक्ती ‘सो वॉज आय’ म्हणेल. ‘आय लिव्ह विथ माय पेरेंट्स’ यावर ‘सो डझ माय सिस्टर’. ‘माय सन गोज टू अ मराठी-मीडियम स्कूल’ यावर ‘सो डझ माइन’. आपल्या वर्गात ‘सो डझ आय’ ऐकू येते, ते समोरच्याचा ‘डझ’ जसाच्या तसा उचलल्यामुळे.

क्रम असा: आधी ‘सो’ किंवा ‘नायदर’, मग क्रियापद, मग कर्ता. उच्चारताना जोर शेवटच्या कर्त्यावर पडतो, कारण नवी माहिती तीच असते. क्रियापदाचे लघुरूप येथे करता येत नाही. ‘सो हॅव आय’ हे पूर्णच उच्चारावे लागते.

हा क्रम चुकला तर उत्तर केवळ अशुद्ध ठरत नाही, त्याचा अर्थच बदलतो. कुणी म्हटले, ‘यू आर स्टँडिंग ऑन माय बॅग’, आणि आपण खाली पाहून ‘सो आय ॲम’ म्हटले, तर त्याचा अर्थ ‘अगं बाई, खरंच की!’ असा होतो. ‘सो ॲम आय’ म्हटले तर ‘मीपण तुमच्या बॅगेवर उभी आहे’ असा भलताच अर्थ निघतो. हा फरक कानाला लहान वाटतो, म्हणून त्याचा सराव मोठ्याने बोलूनच करावा.

लघुरूपांचा गुंता

बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ ही दोन्ही क्रियापदे आखडून कर्त्याला चिकटलेला एक ‘ड’ उरतो, आणि ‘आयड’ असे ऐकू येते. येथे प्रश्न करायचा तरी कोणत्या शब्दाने, हेच कळत नाही. पुन्हा पुढचा शब्दच मदतीला येतो. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप असेल तर ‘हॅड’, मूळ रूप असेल तर ‘वुड’. ‘आयड सीन इट बिफोर’ यावर ‘सो हॅड आय’. ‘आयड लाइक सम टी’ यावर ‘सो वुड आय’. दोन जोड्या पाठ करून ठेवाव्या लागतात: ‘आयड बेटर’ मध्ये ‘हॅड’ असतो आणि ‘आयड रादर’ मध्ये ‘वुड’.

‘इज’ आणि ‘हॅज’ यांचेही असेच होते. ‘शीज’ असे ऐकू आल्यावर पुढे ‘इंग’ने संपणारा शब्द असेल तर बहुधा ‘इज’, आणि ‘बीन’ किंवा ‘गॉट’ असेल तर ‘हॅज’. ‘माय ब्रदर्स फिनिश्ड’ यासारखे वाक्य ‘संपवले आहे’ या अर्थी ‘हॅज’चे असू शकते आणि ‘मोकळा झाला आहे’ या अर्थी ‘इज’चेही; बोलण्याचा विषय माहीत असला की ते सुटते.

एक संभाषण, सुरुवातीपासून

समजा, जुलैतला मुसळधार पावसाचा दिवस आहे. अंधेरीच्या एका कार्यालयात दोन सहकारी महिला उशिरा पोहोचल्या आहेत. एक बंगळूरची असल्याने दोघी इंग्रजीत बोलत आहेत. दुसरी ठाण्याहून येणारी आपली मराठी वाचक आहे, असे समजू आणि तिच्या बाजूने एकेक उत्तर शोधू.

पहिली म्हणते, ‘आय यूज्वली टेक द एट-टेन.’ आठ दहाची गाडी पकडणे ही सवय आहे, साहाय्यक क्रियापद नाही, प्रश्न ‘डू यू’ असा होतो: ‘सो डू आय.’

‘बट टुडे आय हॅड टू वॉक फ्रॉम द स्टेशन.’ ‘हॅड’ ऐकू आला तरी त्याच्यामागे ‘टू’ आहे. चालावे लागले, प्रश्न ‘डिड यू हॅव टू’: ‘सो डिड आय.’

‘आयड नेव्हर सीन सो मच वॉटर ऑन दॅट रोड.’ पुढचे क्रियापद ‘सीन’ हे तिसरे रूप आहे, म्हणून ‘ड’ म्हणजे ‘हॅड’. मधे ‘नेव्हर’ आहे, म्हणून वाक्य नकारार्थी: ‘नायदर हॅड आय.’ येथे ‘नेव्हर’ने दोघांच्या मधे येऊन ‘सीन’ला दूर ढकलले आहे, आणि वर्गात नेमके याच ठिकाणी ‘नायदर डिड आय’ ऐकू येते. असा मधला शब्द मनात गाळून वाक्य पुन्हा म्हटले की तिसरे रूप समोर येते.

‘आय कुडन्ट हॅव वॉक्ड एनी फर्दर.’ दोन साहाय्यक आहेत, पहिला ‘कुड’, त्याला नकार जोडलेला: ‘नायदर कुड आय.’

‘माय ब्रदर्स स्टक ॲट दादर.’ भाऊ दादरला अडकला आहे, म्हणजे येथे ‘इज’ आहे. आपल्या वाचकेचा नवरा कुर्ल्याला अडकला आहे. कर्ता बदलला, वचन तेच राहिले: ‘सो इज माय हजबंड, ॲट कुर्ला.’ भावाऐवजी सहकारी अडकले असते तर ‘सो आर माय कलीग्ज’ असे म्हणावे लागले असते.

‘आयव्ह गॉट नो ड्राय शूज.’ ‘गॉट’ असल्याने ‘हॅव’ साहाय्यक आहे, आणि ‘नो’ हा नकाराचा शब्द आहे: ‘नायदर हॅव आय.’ ‘आय हॅव नो ड्राय शूज’ असे म्हटले असते, तर ‘नायदर डू आय’ हे आजचे वळण झाले असते.

‘आय थिंक वुईड बेटर कॉल होम.’ मुख्य वाक्य ‘आय थिंक’. पुढे ‘हॅड’ असला तरी त्याच्याकडे पाहायचे नाही: ‘सो डू आय.’

शेवटी ती चहाचा कप हातात घेऊन म्हणते, ‘आयड कम अर्ली.’ आणि येथे आपली वाचक थांबते, ते योग्यच आहे. ‘कम’चे मूळ रूप आणि तिसरे रूप एकच असल्यामुळे ‘मी लवकर आले होते’ आणि ‘मी लवकर आले असते’ ही दोन्ही वाक्ये कानाला सारखीच लागतात. पहिल्याला ‘सो हॅड आय’ हवे आणि दुसऱ्याला ‘सो वुड आय’. दोघीही उशिरा पोहोचल्या आहेत, त्यामुळे आजच्याविषयी बोलणे असेल तर ‘आले असते’ हाच अर्थ संभवतो. पण ती एखाद्या मागच्या दिवसाची हकिकत सांगत असेल, तर तसे ठरवता येत नाही. तेव्हा तिच्या पुढच्या वाक्याची वाट पाहावी. ते वाक्य ‘इफ आय लिव्ह्ड निअरबाय’ असे निघाले, म्हणजे मी जवळ राहत असते तर, की शंका फिटते, आणि आपली वाचक निर्धास्तपणे म्हणू शकते, ‘सो वुड आय.’